क्लायंटचा संतापलेला मेल आणि चुकलेला रिपोर्ट

*मी स्वतंत्रपणे डेटा अॅनालिसिसची कामं घेते. एका कंपनीला सहा महिन्यांच्या ऑर्डर्सचा विभागवार रिपोर्ट करून दिला. काल त्यांच्या मॅनेजर मॅडमचा मेल आला, वरिष्ठांना सीसी करून: "आमच्या हिशोबात 12,480 ऑर्डर्स आहेत, तुमच्या रिपोर्टमध्ये 13,166. ग्राफ वाचता येत नाहीत. मागच्या वर्षाशी तुलनाच नाही. इतकं निष्काळजी काम आजवर पाहिलं नाही. हे आम्ही वरिष्ठांसमोर मांडून बसलोय. उरलेलं पेमेंट तूर्त थांबवत आहे." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शोधलं तेव्हा कळलं, त्यांनीच दिलेल्या ग्राहक यादीत 143 ग्राहक दोनदा होते, म्हणून त्यांच्या ऑर्डर्स दोनदा मोजल्या गेल्या. म्हणजे चूक त्यांच्या यादीची. वर्षाची तुलना तर ठरलीच नव्हती. चार पानी उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही. ते आणि सगळे तक्ते सोबत जोडते. काय करू?*

ते चार पानी उत्तर पाठवू नका. मी ते नीट वाचलं. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी आहे, तरीही ते पाठवण्यासारखं नाही. पहिल्या पानावर यादी कोणी कधी दिली याच्या तारखा आहेत, दुसऱ्यावर ती कशी खराब होती याचं वर्णन आहे, आणि बरोबर आकडा किती हे तिसऱ्या पानाच्या तळाशी येतं. मॅडमना हवी असलेली एकमेव गोष्ट तेवढी शेवटी सापडते. तिथपर्यंत त्या पोचणारच नाहीत, कारण पहिल्या पानावरच त्यांना वाटेल की ही बाई चूक आमच्यावर ढकलतेय.

त्या आत्ता कुठे उभ्या आहेत, ते बघा. तुमचा रिपोर्ट घेऊन त्या वरिष्ठांसमोर गेल्या. तिथे कोणीतरी हिशोबाची फाइल उघडून विचारलं असणार की हे 686 जास्तीचे कुठून आले. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मेलमधला राग त्या क्षणाचा आहे, आणि वरिष्ठांना सीसी केलं ते तुम्हाला खाली पाडायला नव्हे तर आपण गप्प बसलेलो नाही हे दाखवायला. त्यांना तुमच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात: बरोबर आकडे कोणते, आधीच्या रिपोर्टमधलं काय अजून वापरता येईल आणि काय नाही, आणि दुरुस्त फाइल हातात कधी पडेल. उत्तराचा शांतपणा यातूनच येतो. मृदू शब्द वापरले पण या तिन्हींचं उत्तर दिलं नाही, तर मेल कितीही नम्र असला तरी समोरच्याला टोलवाटोलवीच वाटते.

आधी आजच, पुढच्या तासाभरात, एक छोटा मेल जाऊ दे. मेल येऊन एक दिवस झालाय, आणि तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ तिकडे चांगला लावला जात नसणार. साधारण असं लिहा:

> नमस्कार मॅडम,
> तुमचा मेल मिळाला. ऑर्डर्सच्या एकूण संख्येतला 686 चा फरक खरा आहे, रिपोर्टमधली संख्या चुकीची आहे. कारण सापडलं आहे. त्याचा परिणाम आणखी कोणकोणत्या आकड्यांवर झाला ते तपासून उद्या दुपारी 12 वाजेपर्यंत सविस्तर कळवते. तोपर्यंत विभागवार आकडे आणि पान 2 वरचा निष्कर्ष कृपया वापरू नये.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि माणसं नेमकं तेच लिहायचं विसरतात. चुकीचा कागद अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे. तो आज आणखी एका बैठकीत गेला तर नुकसान वाढेल, आणि तुम्हाला माहीत असून तुम्ही सांगितलं नाही असं होईल. दिलगिरीचे शब्द उद्या आले तरी चालतील, हा इशारा आजच जायला हवा. आणि हो, उत्तर सगळ्यांना जाऊ दे. ज्यांना त्यांनी सीसी केलंय, ते राहू देत. कोणाला काढू नका, तुमच्या बाजूचं कोणी घालूही नका.

आता उद्या दुपारपर्यंतचं काम. तुम्हाला कारण सापडलं आहे, पण कारण सापडणं म्हणजे चुकीचा आवाका कळणं नव्हे. तुम्ही एकूण संख्येवर थांबलात. तुमचे तक्ते घेऊन मी पुढे गेले, तेव्हा असं दिसलं की 686 पैकी तब्बल 511 जादा ऑर्डर्स एकट्या उत्तर विभागात आहेत, 58 पश्चिमेत, आणि उरलेल्या तीन विभागांत मिळून 117. रिपोर्टमध्ये उत्तर विभाग 3,842 ऑर्डर्स घेऊन पहिला आहे आणि पश्चिम 3,478 वर दुसरा. जादा ऑर्डर्स काढल्या की उत्तर 3,331 वर येतो आणि पश्चिम 3,420 वर. म्हणजे क्रमच उलटला. तुमच्या दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की उत्तर विभाग आघाडीवर असल्यामुळे तिथे माणसं वाढवावीत. एकूण संख्येतली चूक साडेपाच टक्क्यांची, ऐकायला फार मोठी नाही. पण तिने तुमची मुख्य शिफारस पाडली आहे. मॅडमना हे अजून कळलेलं नाही. त्यांना फक्त बेरीज जुळत नाही एवढं दिसलंय.

ही बातमी तुम्हीच द्यायला हवी. मला ठाऊक आहे, आधीच तापलेल्या माणसाला आणखी एक वाईट गोष्ट सांगायची हिंमत होत नाही. पण दोन दिवसांनी त्यांच्याच ऑफिसातलं कोणी हे शोधून काढलं, तर तुमच्या दुरुस्त फाइलवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. उलट, त्यांनी एक चूक दाखवली आणि तुम्ही तिच्या मागची मोठी चूक स्वतःहून पुढे केलीत, तर हा माणूस आता खरोखर तपासतोय हे दिसतं.

अजून एक खाच आहे. 143 ग्राहकांपैकी 12 जणांच्या दोन नोंदी दोन वेगवेगळ्या विभागांत आहेत, बहुधा पत्ता बदलल्यावर जुनी नोंद कोणी काढली नाही म्हणून. बाकीच्यांची कोणतीही एक नोंद काढली तरी चालतं. या 12 जणांच्या बाबतीत मात्र कोणती ठेवायची हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही. ते क्लायंटनेच द्यायचं. वरचे दुरुस्त आकडे नवा पत्ता धरून आले आहेत. या 12 जणांच्या मिळून 41 ऑर्डर्स आहेत. अगदी टोकाचं धरलं, सगळ्या 41 पश्चिमेतून उत्तरेत गेल्या, तर पश्चिम 3,379 आणि उत्तर 3,372 होतो. पश्चिम तरीही 7 ने पुढे राहतो. म्हणजे निर्णय कोणताही झाला तरी उत्तर विभाग पहिला येत नाही, पण दोघांत फारसं अंतरही उरत नाही. हा हिशोब मेलमध्ये घातला की मॅडमना लगेच ठाम काहीतरी सांगता येतं, निर्णयाची वाट बघत बसावं लागत नाही.

आणि काय शाबूत आहे तेही शोधा. तुमचे उत्पादनवार आणि महिनावार तक्ते तुम्ही ग्राहक यादी न जोडता थेट ऑर्डर्सच्या यादीवरून केले आहेत. दोन्हींची बेरीज 12,480 येते, मी करून पाहिली. तुम्हीही करा आणि तसं लिहा. "सगळं पुन्हा तपासते" असं म्हटलं की अख्खा रिपोर्ट फेकून द्यायचा असा अर्थ निघतो, आणि तुम्हीच तुमच्या चांगल्या कामावर पाणी सोडता.

आता तुमच्या मनातल्या मुख्य सलाकडे येते. चूक कोणाची?

यादीत डुप्लिकेट होते, ते तुम्ही घातले नव्हते. हे खरं आहे. पण कोणत्याही धंद्याच्या ग्राहक यादीत डुप्लिकेट असतातच. ते असणार हे गृहीत धरून काम करायचं, त्यासाठीच जाणकार माणूस नेमतात. तुम्ही पॉवर क्वेरीत दोन तक्ते मर्ज केलेत. तिथे जोडलेला तक्ता एक्स्पांड केला की ग्राहकाच्या जितक्या नोंदी जुळतील तितक्या ओळी तयार होतात. (VLOOKUP पहिली जुळलेली नोंद उचलून थांबतो, त्यामुळे ज्यांची सवय त्याची असते ते इथे हमखास फसतात.) मर्जच्या आधी 12,480 ओळी, नंतर 13,166. ओळींची संख्या एकदा बघितली असती तर तिथेच कळलं असतं. यादी खराब असणं हा त्यांचा भाग, आणि ती जोडल्यावर बेरीज ताडून न पाहणं हा तुमचा. रिपोर्ट चुकला तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. म्हणून मान्य करायचं ते दुसरं, आणि पहिलं फक्त माहिती म्हणून सांगायचं, कारण यादी दुरुस्त झाली नाही तर पुढच्या रिपोर्टलाही तेच होईल.

हे सगळं धरून उद्याचा मेल मी असा लिहीन. शब्द तुमचे घाला, क्रम मात्र हाच ठेवा.

> विषय: विभागवार ऑर्डर रिपोर्टमधली चूक आणि दुरुस्ती
>
> नमस्कार मॅडम,
>
> रिपोर्टमधली ऑर्डर्सची एकूण संख्या चुकीची होती. बरोबर संख्या 12,480 आहे, म्हणजे तुमच्या हिशोबात आहे तीच. रिपोर्ट पाठवण्याआधी ही चूक माझ्या तपासणीत सापडायला हवी होती, ती सापडली नाही. चुकीचे आकडे वरिष्ठांसमोर गेले आणि तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागलं, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.
>
> कारण असं: ग्राहक यादीत 143 ग्राहकांच्या दोन-दोन नोंदी आहेत. ऑर्डर्सची यादी तिच्याशी जोडल्यावर या ग्राहकांच्या 686 ऑर्डर्स दोनदा मोजल्या गेल्या. जोडणीनंतरची संख्या मी मूळ यादीशी ताडून पाहिली नाही.
>
> तुम्ही दाखवलेल्या फरकापलीकडे याचा एक परिणाम झाला आहे. उत्तर विभागाच्या ऑर्डर्स 3,842 नसून 3,331 आहेत आणि पश्चिमेच्या 3,478 नसून 3,420. म्हणजे पहिला क्रमांक पश्चिमेचा आहे आणि दोघांत फरक थोडा आहे. त्यामुळे पान 2 वरची, उत्तर विभागात माणसं वाढवण्याची शिफारस मी मागे घेत आहे. उरलेल्या तीन विभागांत मिळून 117 ऑर्डर्स कमी होतील, त्यांचा क्रम बदलत नाही. उत्पादनवार आणि महिनावार तक्ते ग्राहक यादीवर अवलंबून नाहीत. ते पुन्हा तपासले, बेरीज 12,480 येते. ते तुम्ही आहेत तसे वापरू शकता.
>
> एका गोष्टीत तुमचा निर्णय हवा आहे. 12 ग्राहकांच्या दोन नोंदी वेगवेगळ्या विभागांत आहेत (यादी सोबत आहे). मी सध्या नवा पत्ता धरला आहे. तो बदलला तर जास्तीत जास्त 41 ऑर्डर्स एका विभागातून दुसऱ्यात जातील, उत्तर विभाग तरीही पश्चिमेच्या पुढे जात नाही.
>
> दुरुस्त रिपोर्ट उद्या, गुरुवारी, संध्याकाळी 5 पर्यंत पाठवते. सोबत एक पानी ताळा असेल: प्रत्येक विभागाचा जुना आकडा, नवा आकडा, फरक, आणि एकूण बेरीज तुमच्या हिशोबाशी जुळवलेली.
>
> ग्राफबद्दल: पान 4 वरच्या पाय चार्टमध्ये 14 उत्पादनं आहेत, त्यातली लहान वाचता येत नाहीत हे बरोबर आहे. त्याजागी उतरत्या क्रमाचा बार चार्ट देते. आणखी कोणता ग्राफ अडतोय ते पान क्रमांकासह कळवलंत तर त्याच फाइलमध्ये तोही बदलेन.
>
> मागच्या वर्षाशी तुलना आपण ठरवलेल्या कामात नव्हती, पण ती उपयोगाची आहे हे मला पटतं. त्यासाठी मागच्या वर्षाच्या त्याच सहा महिन्यांची ऑर्डर यादी लागेल. ती पाहून किती वेळ आणि किती खर्च येईल ते वेगळं कळवते. दुरुस्ती त्यासाठी थांबवणार नाही.
>
> वरिष्ठांना कळवण्यासाठी हवा असल्यास हा मजकूर: "रिपोर्टमध्ये 686 ऑर्डर्स दोनदा मोजल्या गेल्या होत्या. बरोबर एकूण 12,480. पश्चिम विभाग 3,420, उत्तर विभाग 3,331. उत्पादनवार व महिनावार आकड्यांवर परिणाम नाही. दुरुस्त रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी."
>
> आज 4 नंतर मी फोनवर आहे. तुम्हाला सोयीचं असेल तर दहा मिनिटं बोलू.

लांब वाटतोय? तुमच्या चार पानांपुढे लहानच आहे, आणि यातला प्रत्येक परिच्छेद त्यांना काहीतरी करायला मोकळं करतो. त्यांना सगळ्यात जास्त उपयोग होईल तो वरिष्ठांसाठीच्या मजकुराचा. मॅडमना तुमच्याकडून दिलगिरी मिळाली तरी त्यांना स्वतःला वर तोंड द्यायचंच आहे. ते त्यांच्या वतीने तुम्ही लिहून दिलंत तर त्यांचा अर्धा ताण तिथे जातो. त्या मजकुरात तुमचं स्पष्टीकरण घुसडू नका, यादीचा उल्लेखही नको. तो जसाच्या तसा पुढे पाठवता आला पाहिजे.

तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य मला खटकलं: "आकड्यांमध्ये काही तफावत आढळली असल्यास दिलगीर आहे." तफावत आढळली आहे, 686 ची, त्यांनी मोजून दाखवली आहे. "असल्यास" लिहिलं की दिलगिरी उरतच नाही. तसंच तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, "यापुढे अशी चूक कधीही होणार नाही." हे वचन देऊ नका, कोणालाच देता येत नाही. त्याऐवजी तो ताळा जोडा. दर रिपोर्टसोबत तो येणार असेल तर तसं लिहा, आणि मग खरंच दर वेळी द्या. मॅडम तो उघडून स्वतः बेरीज तपासू शकतात, त्यामुळे त्यांना तुमच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

"इतकं निष्काळजी काम आजवर पाहिलं नाही" या वाक्याला मेलमध्ये उत्तरच दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम. तुमच्या मसुद्यात त्यावर अख्खा परिच्छेद आहे, इतक्या वर्षांचा अनुभव, इतर क्लायंटचं समाधान वगैरे. तुम्हाला ते लागलं, हे मी समजू शकते, आणि ते वाक्य अन्यायाचंही आहे. पण त्याचा प्रतिवाद केला की चर्चा आकड्यांवरून तुमच्यावर येते आणि तिथे ती संपत नाही. मान्य करा तेही मोजूनमापून. एक तपासणी राहिली हे मान्य करा. सगळंच काम निष्काळजी होतं हे मान्य करू नका, कारण ते खरं नाही. "होणाऱ्या सर्व नुकसानाची जबाबदारी माझी" असलं वाक्य तर भावनेच्या भरातही लिहू नका. त्याचा अर्थ पुढे कोण कसा लावेल सांगता येत नाही.

ग्राफची तक्रार तुम्ही "आवडीनिवडीचा प्रश्न" म्हणून उडवून लावली होती. मी पान 4 पाहिलं. 14 तुकड्यांचा पाय चार्ट, त्यातले सहा तर नुसत्या रेघा दिसतात, आणि रंग एकमेकांत मिसळलेले. तक्रार रास्त आहे. बाकीचे ग्राफ मला ठीक वाटले, म्हणून एकाची जबाबदारी घेऊन उरलेल्यांबद्दल पान क्रमांक विचारला आहे. "ग्राफ सुधारते" एवढंच मोघम लिहिलं असतं तर त्यांना काय सुधारलेलं हवंय आणि तुम्ही काय सुधारणार, यात पुन्हा दरी पडली असती.

वर्षाच्या तुलनेबाबत तुमची बाजू पक्की आहे, आणि म्हणूनच तिथे जपून राहा. अपराधी वाटतंय म्हणून ती फुकट करून द्यायचा मोह होईल. देऊ नका. चुकीची भरपाई म्हणजे चूक दुरुस्त करणं. नवं काम फुकट दिलं की चूक आणि नवं काम यांची सरमिसळ होते, आणि घाईत केलेल्या त्या तुलनेत पुन्हा डुप्लिकेट निघाले तर काय? मागच्या वर्षीची यादी याच कंपनीची आहे, तीही अशीच असणार. पण "हे ठरलं नव्हतं" यावर वाक्य थांबवूही नका. ठरलं नव्हतं, उपयोगाचं आहे, यासाठी हे लागेल, असं पुढे न्या. ठरलेल्या कामाचा कागद जोडायची आत्ता गरज नाही. त्यांनी वाद घातलाच तर तेव्हा जोडा.

पेमेंटचा विषयही मेलमध्ये नाही. चुकीचा रिपोर्ट हातात असताना त्यांनी पैसे थांबवले यात गैर काही नाही, आणि आत्ता पैशांचं बोललात तर दिलगिरी पैशांसाठीच होती असं दिसेल. दुरुस्त रिपोर्ट त्यांनी पाहून ठीक म्हटल्यावर दोन दिवसांनी वेगळा मेल करा, दोन ओळींचा: दुरुस्त काम अमुक तारखेला दिलं, उरलेलं पेमेंट ठरल्याप्रमाणे करावं ही विनंती. तोपर्यंत तुमचा करार काढून वाचून ठेवा. काम स्वीकारलं असं केव्हा धरायचं आणि दुरुस्तीला किती मुदत, याबद्दल त्यात काही आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या करारात घाला.

गुरुवारची वेळ पाळायची आहे, म्हणून काम बुधवारी रात्रीच संपवा. मी मेलमध्ये गुरुवारची संध्याकाळ लिहिलीय ती तुम्हाला एक रात्र मोकळी मिळावी म्हणून. दुसऱ्या फाइलमध्ये चूक निघाली तर मग कुठल्याच मेलचा उपयोग नाही. पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी, ज्याने हा रिपोर्ट पाहिलेला नाही, फक्त ताळ्याचं पान आणि त्यांच्या हिशोबाचा आकडा देऊन बेरजा करायला लावा. विभागांची बेरीज, उत्पादनांची बेरीज, महिन्यांची बेरीज, तिन्ही 12,480 यायला हव्यात. आकडे दुरुस्त झाले तरी वर्णनातली वाक्यं जुनीच राहतात, हा नेहमीचा घोटाळा आहे. म्हणून फाइलमध्ये 3,842, 3,478 आणि 13,166 शोधून बघा, आणि "उत्तर विभाग" हे शब्दही. पान 2, प्रस्तावना, ग्राफची शीर्षकं, तिन्ही ठिकाणी आघाडीचा उल्लेख आहे. फाइलच्या नावात "दुरुस्त" आणि तारीख घाला, आणि जुनी फाइल कोणाकोणाकडे गेली आहे ते विचारून त्यांनाही नवी पाठवायला सांगा.

मेल गेल्यावर पुढचं उत्तर कसं येतं त्यावर लक्ष ठेवा. त्यांनी 12 ग्राहकांबद्दल किंवा एखाद्या पानाबद्दल विचारलं, सूर कोरडा असला तरी, तर गाडी रुळावर आहे. लगेच गोड बोलतील अशी अपेक्षा ठेवू नका. पुन्हा नुसता संताप आला, एकही नवा मुद्दा नसताना, तर लेखी उत्तर देत बसू नका, फोन करा. फोनवर आधी त्यांना बोलू द्या, मग ताळ्याचं पान समोर ठेवून एकेक ओळ वाचा. फोन संपल्यावर जे ठरलं ते चार ओळींत मेल करा. आणि दुरुस्त, जुळलेला रिपोर्ट हातात पडल्यावरही भाषा तशीच राहिली, पैसे अडलेलेच राहिले, तर ती तक्रार तुमच्या कामाबद्दलची उरत नाही. तेव्हा मला पुन्हा लिहा, त्याचं उत्तर वेगळं असेल. आत्ता मात्र तो चार ओळींचा मेल आधी पाठवा.